मुदत संपण्याआधी लिहायचं पत्र

कुठल्याही मेडिकल स्टोअरच्या मागच्या खोलीत एखादं खोकं चिकटपट्टी लावून बाजूला ठेवलेलं असतं. त्यावर जाड अक्षरांत ‘नॉट फॉर सेल’ लिहिलेलं असतं. आत मुदत संपलेल्या गोळ्यांच्या स्ट्रिप, बाटल्या, मलमं असतात. ज्या दुकानात मुदत संपलेलं औषध विकणं गुन्हा आहे, त्याच दुकानात ते खोकं कायद्याने कसं राहू शकतं, हा प्रश्न ग्राहकाला सहसा पडत नाही. दुकानदाराला मात्र त्याचं उत्तर पाठ असायला हवं. दुकानदाराने घाऊक विक्रेत्याला लिहिलेलं पत्र, हे ते उत्तर.

औषध नियम १९४५ मधल्या नियम ६५ च्या १७ व्या उपनियमानुसार मुदत संपलेलं औषध परवानाधारकाने विकायचं नाहीच, पण दुकानात साठवायचंही नाही. याला अपवाद एकच आहे. माल परत घ्यावा, पैसे भरून द्यावेत किंवा विल्हेवाट लावावी यासाठी दुकानदाराने उत्पादकाकडे किंवा त्याच्या प्रतिनिधीकडे पावलं उचलली असतील, तर तो निकाल लागेपर्यंत माल ठेवता येतो. त्यालाही अट आहे. हा माल विक्रीच्या मालापासून वेगळा ठेवायचा आणि खोक्याच्या वरच्या बाजूला ‘नॉट फॉर सेल’ हे शब्द ठळक दिसले पाहिजेत. अन्न व औषध प्रशासनाचा निरीक्षक दुकानात आला आणि त्याने खोक्याकडे बोट दाखवलं, तर ‘पावलं उचलली आहेत’ हे दाखवणार कशावरून? फोनवर झालेलं बोलणं दाखवता येत नाही. तारखेचं, पोच घेतलेलं पत्र दाखवता येतं.

म्हणून औषधविक्रीतल्या या अगदी रोजच्या कागदाकडे नीट पाहायला हवं. अडकलेले पैसे सोडवणं हे त्याचं एक काम. कायद्यापुढे तो पुरावा असतो आणि जीएसटीच्या हिशेबाचा आधारही असतो. ही तिन्ही कामं एका पानात व्हायची, तर त्या पानावरची प्रत्येक ओळ विचारपूर्वक लिहिलेली असावी लागते.

माल अडकतो कसा

औषधाच्या दुकानात माल पडून राहण्याची कारणं ठरलेली आहेत. गावातले एक डॉक्टर एका ठरावीक कंपनीचं औषध लिहीत असतात, त्यांची बदली होते किंवा ते दवाखाना दुसरीकडे हलवतात. नवीन डॉक्टर त्याच घटकाचं, पण दुसऱ्या कंपनीचं औषध लिहितात. आधीच्या ब्रँडचे पन्नास डबे कपाटात तसेच राहतात, कारण चिठ्ठीवर लिहिलेल्या ब्रँडऐवजी दुसरा ब्रँड दुकानदाराला मनाने देता येत नाही. पावसाळ्यासाठी भरलेला माल पाऊस कमी झाला म्हणून उरतो. कंपनीचा एमआर दहावर एक फुकट अशी स्कीम देऊन जातो आणि गरजेपेक्षा जास्त माल घेतला जातो. कधी घाऊक विक्रेताच थोडी मुदत राहिलेला माल पाठवतो आणि घाईत तो तसाच कपाटात चढतो.

मुदत ‘जवळ आली’ म्हणजे काय, हेही समजून घ्यायला हवं. पाकिटावर मार्च २०२६ असं छापलेलं असेल, तर ते औषध ३१ मार्चपर्यंत चालतं. नियमच तसा आहे; महिना आणि वर्ष छापलं की तो महिना संपेपर्यंत. पण दुकानदाराचा विचार एवढ्यावर थांबत नाही. रक्तदाबाच्या रुग्णाने १० मार्चला महिनाभराच्या गोळ्या मागितल्या, तर मार्च मुदतीची स्ट्रिप देऊन चालणार नाही, कारण एप्रिलचे पहिले नऊ दिवस तो मुदत संपलेली गोळी घेईल. म्हणजे रोजच्या औषधांच्या बाबतीत छापलेल्या मुदतीच्या बऱ्याच आधी ती स्ट्रिप व्यवहारात विकण्यायोग्य राहत नाही. पाच दिवसांच्या अँटिबायोटिकला हा प्रश्न उशिरा येतो, पण तोही येतोच. म्हणून चांगले दुकानदार मुदतीला तीन-चार महिने राहिले की कपाटातून तो माल खाली काढतात. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून अशी यादी दर महिन्याला निघते. न निघणाऱ्याला वही पुरते. पत्राची सुरुवात या यादीपासून होते.

एक उदाहरण

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावात एक मेडिकल आहे, असं समजू. दुकानदार जीएसटीच्या नेहमीच्या पद्धतीत नोंदलेला आहे. त्याच्या घाऊक विक्रेत्याच्या, म्हणजे बोलीभाषेतल्या स्टॉकिस्टच्या, बिलामागे अट छापली आहे की मुदत संपण्याआधी तीन महिने ते मुदत संपल्यानंतर तीन महिने एवढ्या काळातलाच माल परत घेतला जाईल. ही खिडकी प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. माल परत घेतलाच पाहिजे असं घाऊक विक्रेत्यावर बंधन घालणारी तरतूद औषध कायद्यात नाही. हा व्यवहार बिलावरच्या अटींवर, कंपनीच्या धोरणावर आणि व्यापाराच्या रूढीवर चालतो. त्यामुळे पत्र लिहिण्याआधी बिलाची मागची बाजू वाचणं हे पहिलं काम. ती वाचून आपला दुकानदार ५ जानेवारी २०२६ रोजी पुढचं पत्र लिहितो.

प्रति,
मा. व्यवस्थापक,
(घाऊक विक्रेत्याचे नाव व पत्ता)

विषय : मुदत जवळ आलेला, मुदत संपलेला व वाहतुकीत खराब झालेला माल परत घेऊन क्रेडिट नोट देण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि. आपल्याकडून खरेदी केलेला खालील माल परत करत आहोत. सर्व बॅच क्रमांक आपल्या बिलांशी ताडून पाहिले आहेत. बिलांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

अ) मुदत जवळ आलेला, न फोडलेला माल. (१) सेफिक्झिम २०० मिग्रॅ गोळ्या, मुदत मार्च २०२६, आपले बिल दि. १४ जुलै २०२५, शिल्लक २२ स्ट्रिप. हा माल दहावर एक या स्कीममध्ये घेतल्याने २० स्ट्रिपची किंमत धरली आहे. दर ७० रुपये, एकूण १,४०० रुपये. (२) अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड ड्राय सिरप ३० मिली, मुदत मार्च २०२६, आपले बिल दि. २ ऑगस्ट २०२५, १२ बाटल्या, दर ५० रुपये, एकूण ६०० रुपये. दोन्ही मिळून २,००० रुपये, अधिक बिलातील दराने १२ टक्के जीएसटी २४० रुपये.

ब) मुदत संपलेला माल. लेव्होसेटिरिझिन ५ मिग्रॅ गोळ्या, मुदत डिसेंबर २०२५, आपले बिल दि. २० फेब्रुवारी २०२५, १५ स्ट्रिप, दर २८ रुपये, एकूण ४२० रुपये. हे बिल मागील आर्थिक वर्षातील असल्याने केवळ मालाच्या किमतीची क्रेडिट नोट मिळावी. हा माल ‘नॉट फॉर सेल’ असे लिहिलेल्या खोक्यात वेगळा ठेवला आहे.

क) वाहतुकीत खराब झालेला माल. अँटासिड सस्पेन्शन १७० मिली, आपले बिल दि. ३ जानेवारी २०२६. २४ पैकी २ बाटल्या फुटलेल्या व ४ बाटल्यांची लेबले भिजलेली मिळाली. त्याच दिवशी आपल्या माणसासमोर बिलाच्या प्रतीवर नोंद केली असून छायाचित्रे पाठवली आहेत. ६ बाटल्या, दर ९० रुपये, एकूण ५४० रुपये, अधिक ५ टक्के जीएसटी २७ रुपये.

ड) उत्पादनातील दोष. पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅची एक सीलबंद स्ट्रिप, एका खळग्यात गोळी नाही. याची किंमत मागत नाही. ही तक्रार कंपनीकडे पोहोचवावी.

एकूण मागणी ३,२२७ रुपये. माल आपल्या माणसाकडे डिलिव्हरी चलनासह देत आहोत. मोजून पोच द्यावी व पंधरा दिवसांत बॅचनिहाय क्रेडिट नोट पाठवावी, ही विनंती. क्रेडिट नोट येईपर्यंत आपल्या येणे रकमेतून परस्पर वजावट करणार नाही.

आपला विश्वासू,
(सही, दुकानाचा शिक्का, परवाना क्रमांक, जीएसटी क्रमांक)

प्रत : संबंधित कंपन्यांचे विभागीय प्रतिनिधी.

प्रत्यक्षात या यादीत प्रत्येक औषधापुढे बॅच क्रमांक आणि बिल क्रमांक असतो. वाचण्याच्या सोयीसाठी ते इथे गाळले आहेत. बाकी पत्र असंच साधं असावं. आता त्यातला एकेक भाग तसा का लिहिला आहे, ते पाहू.

चार ढीग वेगळे का

असे क्लेम फेटाळले जातात ते बहुतेक वेळा सगळा माल एकाच यादीत, एकाच पिशवीत भरून पाठवल्यामुळे. घाऊक विक्रेत्याच्या गोदामात या चार प्रकारांच्या वाटा वेगवेगळ्या असतात. मुदत जवळ आलेली सेफिक्झिमची स्ट्रिप तो अजून एखाद्या मोठ्या, वर्दळीच्या दुकानाला किंवा रुग्णालयाला देऊ शकतो. मुदत संपलेली स्ट्रिप कुणालाच देता येत नाही, ती कंपनीकडे किंवा जाळण्यासाठीच जाणार. फुटलेल्या बाटलीचा भार वाहतूकदारावर किंवा विम्यावर टाकायचा असतो. रिकाम्या खळग्याची स्ट्रिप ही तर औषधाच्या गुणवत्तेची तक्रार आहे. तिथे दहा-बारा रुपयांचा प्रश्नच नाही, त्या बॅचमध्ये आणखी काही बिघडलंय का, हे कंपनीने पाहायला हवं.

फुटलेल्या मालाबाबत वेळेला सर्वात जास्त किंमत आहे. माल विक्री कायदा १९३० च्या कलम ४२ नुसार खरेदीदाराने वाजवी वेळात माल नाकारल्याचं कळवलं नाही, तर त्याने तो स्वीकारला असं धरलं जातं. व्यापारातली रीतही हेच सांगते. माल उतरवून घेताना खोकं ओलं दिसलं, आतून काच खुळखुळली, तर ते पोचवायला आलेल्या माणसासमोर उघडायचं आणि बिलाच्या दोन्ही प्रतींवर ‘दोन फुटल्या, चार भिजल्या’ असं लिहून त्याची सही घ्यायची. दोन महिन्यांनी तीच गोष्ट सांगितली, तर बाटली दुकानातल्या फळीवरून पडली नव्हती हे सिद्ध करता येत नाही.

ज्या चार बाटल्या फुटल्या नाहीत, त्या का परत करायच्या, असं कुणी विचारेल. लेबल भिजून बॅच क्रमांक किंवा मुदत वाचता येईनाशी झाली, की आतलं औषध कितीही चांगलं असलं तरी ते विकण्यायोग्य राहत नाही. लेबल हा औषधाचा भाग आहे.

आणि काही माल या पत्रात येऊच नये. दुकानात उंदराने कुरतडलेली पाकिटं, छत गळून भिजलेला माल, फ्रीज बंद पडून तापलेलं इन्सुलिन ही दुकानदाराची स्वतःची जबाबदारी आहे. ती ‘वाहतुकीत खराब’ या मथळ्याखाली घुसवली, तर पुढच्या खऱ्या क्लेमवरही संशय येतो. इन्सुलिन आणि लशींसारखा २ ते ८ अंश तापमानात ठेवायचा माल तर मुदत भरपूर असतानाही परत घेताना घाऊक विक्रेते कचरतात. मधल्या काळात तो थंडच राहिला होता याची खात्री कोण देणार? असा माल मुळातच मोजून घ्यावा.

बिल, बॅच आणि स्कीम

पत्रातलं सर्वात जड वाक्य आहे, ‘बॅच क्रमांक आपल्या बिलांशी ताडून पाहिले आहेत.’ एकच ब्रँड दुकानदार दोन-तीन घाऊक विक्रेत्यांकडून घेतो. परत करताना तो ज्याच्याकडून आला त्याच्याकडेच गेला पाहिजे. घाऊक बिलावर प्रत्येक औषधापुढे बॅच आणि मुदत छापलेली असते. माल परत आल्यावर तिथला माणूस पहिल्यांदा तेच पाहतो. बॅच जुळली नाही की ती ओळ यादीतून जाते आणि बऱ्याचदा तिच्याबरोबर सगळा क्लेमच बाजूला ठेवला जातो.

कापलेल्या स्ट्रिपचंही असंच आहे. ग्राहकाला चार गोळ्या कापून देताना कुठल्या टोकाने कापायचं, हे जाणता फार्मासिस्ट आधी पाहतो. बॅच आणि मुदत छापलेलं टोक दुकानात शेवटपर्यंत राहायला हवं. ते टोक गेलं की उरलेल्या सहा गोळ्या कुणाच्या, कधीपर्यंतच्या, हे कुणालाच सांगता येत नाही. त्या परतही जात नाहीत आणि ग्राहकाला देणंही योग्य नसतं. अनेक कंपन्या कापलेली स्ट्रिप घेतच नाहीत, म्हणून आपल्या उदाहरणातल्या यादीत न फोडलेल्या स्ट्रिपच आहेत.

स्कीमचा हिशेब हा वादाचा मोठा मुद्दा. आपल्या दुकानदाराने सेफिक्झिमच्या ५० स्ट्रिपचे पैसे दिले आणि ५ फुकट मिळाल्या, म्हणजे ५५ आल्या. त्यातल्या ३३ विकल्या, २२ उरल्या. २२ गुणिले ७० म्हणजे १,५४० रुपये मागावेत असा मोह होतो. पण दर अकरा स्ट्रिपमागे दहाचेच पैसे दिले होते. म्हणून २२ स्ट्रिपमागे त्याचे खरे पैसे २० स्ट्रिपचे, १,४०० रुपये गुंतले आहेत. पत्रात हे स्वतःहून लिहिलं, तर घाऊक विक्रेत्याला काटछाट करायला जागा उरत नाही. लिहिलं नाही, तर तो १४० रुपयांसाठी संपूर्ण यादी परत पाठवतो आणि महिना वाया जातो. किंमतही छापील किरकोळ किमतीने मागायची नसते, दुकानदाराला ज्या भावाने माल पडला त्या भावाने मागायची असते.

करासाठी तारीख का महत्त्वाची

मुदत संपलेल्या औषधांच्या परतीबाबत गोंधळ होता म्हणून केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने २६ ऑक्टोबर २०१८ रोजी परिपत्रक क्रमांक ७२ काढलं. त्यात दोन मार्ग सांगितले आहेत. एक म्हणजे दुकानदाराने उलटं बिल करून माल परत ‘विकायचा’. दुसरा म्हणजे दुकानदाराने डिलिव्हरी चलनावर माल परत द्यायचा आणि घाऊक विक्रेत्याने क्रेडिट नोट द्यायची. आपल्या पत्रात दुसरा मार्ग घेतला आहे.

या मार्गात कराची रक्कम कमी करून घ्यायची, तर मुदत आहे. ज्या आर्थिक वर्षात माल विकला गेला, ते वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच घाऊक विक्रेत्याला क्रेडिट नोटमध्ये कर धरता येतो. त्याने वार्षिक विवरणपत्र त्याआधीच भरलं असेल, तर तेवढ्यापर्यंतच. जुलै आणि ऑगस्ट २०२५ चा माल २०२५-२६ या वर्षातला आहे, म्हणून त्याला अजून वेळ आहे. फेब्रुवारी २०२५ चा लेव्होसेटिरिझिन मात्र २०२४-२५ मधला. त्याची मुदत ३० नोव्हेंबर २०२५ ला संपली. म्हणून पत्रात तो वेगळा आहे आणि त्यावर कर मागितलेला नाही. घाऊक विक्रेता त्याची क्रेडिट नोट देऊ शकतो, पण केवळ मालाच्या किमतीची.

नेहमीच्या पद्धतीतल्या दुकानदाराला याचा फार फटका बसत नाही, कारण खरेदीवरच्या कराचं क्रेडिट त्याने आधीच घेतलेलं असतं. कंपोझिशन योजनेतल्या छोट्या दुकानदाराला मात्र असं क्रेडिट मिळतच नाही. खरेदीवरचा कर हा त्याचा खर्चच असतो. त्याचं पत्र ३० नोव्हेंबरनंतर गेलं, तर तेवढा कर त्याच्या खिशातून कायमचा गेला.

यादीत १२ आणि ५ असे दोन दर का आहेत, तेही बिलाच्या तारखेवरून कळतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. क्रेडिट नोट मूळ बिलाशी जोडलेली असते, म्हणून जुलैच्या मालाला जुलैचा दर लागतो आणि जानेवारीच्या मालाला जानेवारीचा. सरसकट ५ टक्के लावून क्रेडिट नोट आली, तर ती तपासायला हवी.

पत्र गेल्यानंतर

पत्र आणि माल एकाच वेळी गेला पाहिजे, आणि मोजणी घाऊक विक्रेत्याच्या माणसासमोर झाली पाहिजे. चलनाच्या दुसऱ्या प्रतीवर त्याची सही, तारीख आणि नग लिहिलेले असले की पुढे ‘तुमच्याकडून अठराच स्ट्रिप आल्या’ असं म्हणायला जागा राहत नाही. ही प्रत, पत्राची प्रत आणि बिलाच्या प्रती एका फाइलमध्ये राहतात. औषध निरीक्षकाला दाखवायची फाइल तीच.

कंपन्यांच्या प्रतिनिधींना प्रत पाठवण्यामागेही नियमाचा विचार आहे. नियम ६५ मध्ये उत्पादक किंवा त्याचा प्रतिनिधी असे शब्द आहेत. घाऊक विक्रेता हा उत्पादकाचा प्रतिनिधी ठरतो की नाही, या वादात कशाला पडा? कंपनीला प्रत गेली की पाऊल नक्की उचललं गेलं. शिवाय घाऊक विक्रेताही हे पैसे शेवटी कंपनीकडूनच मिळवणार असतो. तिथे कागद आधीच पोहोचलेला असला, तर त्याचंही काम सोपं होतं.

क्रेडिट नोट आली की ती बॅचनिहाय आहे का, हे पाहायचं. ‘एक्स्पायरी माल, रुपये २,५००’ अशी एकाच ओळीची नोट आली, तर कुठल्या औषधाचे पैसे कापले आणि का, हे कधीच कळत नाही. अशी नोट आली की लगेच तपशील मागावा. कर धरलेली क्रेडिट नोट जीएसटी पोर्टलवर दिसू लागली, की दुकानदाराने त्या मालावर घेतलेलं कराचं क्रेडिट तेवढंच कमी करायचं. आपल्या उदाहरणात ते २४० आणि २७ मिळून २६७ रुपये होतात. ते राहून गेलं, तर पुढे कर खात्याची नोटीस येते आणि व्याज भरावं लागतं.

‘परस्पर वजावट करणार नाही’ हे वाक्य काहींना कमकुवत वाटेल. पण बिलाचे पैसे देताना दुकानदाराने मनाने ३,२२७ रुपये कापले, तर घाऊक विक्रेत्याच्या खतावणीत ती थकबाकी दिसते आणि पुढचा माल थांबतो. आपलं म्हणणं कागदावर ठेवून पैसे वेळेवर दिले, तर क्रेडिट नोट लवकर मागण्याचा अधिकार अधिक भक्कम होतो. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर मूळ पत्राची तारीख लिहून दुसरं पत्र द्यावं. निरीक्षकासमोर पावलं उचलल्याचा दावा जितका ताज्या कागदावर उभा असेल तितका टिकतो. दोन वर्षांपूर्वीचं एकच पत्र आणि तेव्हापासून तसंच पडलेलं खोकं, हा बचाव होऊ शकत नाही.

तो माल शेवटी जातो कुठे

मुदत संपलेली औषधं कचऱ्यात किंवा गटारात टाकणं धोक्याचं आहे. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम २०१६ नुसार रुग्णालयं आणि दवाखान्यांतली अशी औषधं पिवळ्या वर्गात मोडतात. ती उत्पादकाकडे परत पाठवायची किंवा भट्टीत जाळायची असतात. कर्करोगावरची मुदत संपलेली औषधं तर १,२०० अंशांहून जास्त तापमानाला जाळावी लागतात. दुकानातून घाऊक विक्रेता, तिथून कंपनीचा डेपो आणि तिथून भट्टी हा प्रवास नगागणिक नोंदलेला असायला हवा. नोंद नसलेल्या स्ट्रिपवरची तारीख खोडून, नवी छापून ती पुन्हा बाजारात येण्याचा धोका असतो. पत्रातल्या ‘१५ स्ट्रिप’ या आकड्याचं मोल ४२० रुपयांपेक्षा जास्त आहे ते यामुळे. पंधरा निघाल्या, पंधरा पोहोचल्या, पंधरा नष्ट झाल्या, हे जुळलं पाहिजे.

ग्राहकाचा या सगळ्याशी थेट संबंध आहे. ज्या दुकानदाराचा माल वेळेवर परत जातो, त्याला मुदत जवळ आलेली स्ट्रिप कुणाच्या तरी गळ्यात मारण्याची गरज पडत नाही. तेव्हा औषध घेताना मुदत वाचा, आणि ती आपला औषधाचा पूर्ण कोर्स संपेपर्यंत पुरते का, हेही मोजा. स्ट्रिप कापून घेतली असेल, तर मुदतीचं टोक दाखवायला सांगा आणि बिल घ्या. आणि दुकान चालवणाऱ्यांना विनंती अशी की महिन्यातला एक दिवस या यादीसाठी ठरवा, ढीग वेगळे करा, बिलं शोधा आणि मुदत संपण्याची वाट न पाहता पत्र लिहा. उशिरा लिहिलेल्या पत्राला पैसे कमी मिळतात, आणि न लिहिलेल्या पत्राला कायदा माफ करत नाही.